बाहेरच्या मुद्रितशोधकाला सूचनापत्र देताना

पहिलाच दिवाळी अंक असेल, तर सूचनापत्र एका पानात बसवा. आधी व्याप्ती सांगा: शुद्धलेखन, विरामचिन्हं, सुटलेल्या ओळी, अनुक्रमणिकेतले पृष्ठक्रमांक. वाक्यरचना बदलायची नाही, शंका समासात लिहायची. हे सांगितलं नाही, तर अर्धा अंक संपादित होऊन येतो आणि लेखक तुमच्यावर चिडतात.

शैलीबाबत ‘महामंडळाचे नियम पाळा’ एवढं पुरत नाही. ‘असं’ की ‘असे’, ‘५’ की ‘पाच’ हे तुम्हीच ठरवून द्या.

सगळ्यात जपून लिहायचा भाग म्हणजे कशाला हात लावायचा नाही. समजा, एका लेखात १९१० सालचं पत्र उद्धृत केलंय आणि त्यात ‘कांहीं’, ‘नाहीं’ आहे. चिपळूणकरांनंतरचं गद्य आजच्या नियमांनी छापावं असं नियमच सांगतो, म्हणून शोधक ते अनुस्वार काढणार, आणि त्याचं चुकलं असंही म्हणता येणार नाही. तुम्हाला मूळ रूप हवं असेल, तर पानासकट लिहा: ‘पृ. ४२, चौकटीतलं पत्र जसंच्या तसं; फक्त मूळ प्रतीशी ताडून पाहा.’ सोबत मूळ प्रत द्यायला विसरू नका. कथेतले मालवणी संवाद आणि कवितेतल्या ओळींची मोडणी यांनाही हेच लागू.

मुदत दोन टप्प्यांत द्या: पहिलं प्रूफ कधी, आणि दुरुस्त्या लागल्यावर दुसरं कधी. दुसरं वगळू नका. दुरुस्ती करतानाच नव्या चुका शिरतात.