टेस्टरचा दिवा लागत नाही, म्हणजे अर्थिंग आहे?

प्रश्न: सॉकेटच्या वरच्या मोठ्या छिद्रात टेस्टर घातला तर दिवा लागत नाही. मग फ्लॅटचं अर्थिंग ठीक आहे असं समजू का? नसेल तर काय करायचं?

उत्तर:

नाही. त्या छिद्रामागे वायरच नसेल तरी दिवा लागणार नाही. लागला असता तर मात्र लगेच मेन बंद करा असं सांगितलं असतं, कारण अर्थमध्ये करंट उतरतोय.

साधा मल्टीमीटर एसी व्होल्टच्या सर्वात वरच्या रेंजवर ठेवा. हात कोरडे हवेत, प्रोबच्या धातूला बोट लागता कामा नये. फेज-न्यूट्रलमध्ये 230 च्या आसपास आकडा येईल. फेज-अर्थमध्येही जवळपास तेवढाच आला आणि न्यूट्रल-अर्थमध्ये एखाद-दोन व्होल्ट दिसले, तर वायर कुठेतरी पोचते आहे. फेज-अर्थमध्ये 80, 110 असा डळमळता आकडा आला, तर ती वायर मध्येच तुटलेली, लोंबकळत आहे.

खरी लबाडी पुढे असते. काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून ठेवतात. मग मीटरही छान आकडे दाखवतो आणि तीन दिव्यांचा प्लग-टेस्टरही 'बरोबर' म्हणतो. हे पकडायला त्याच लाइनवरच्या शेजारच्या सॉकेटला इस्त्री लावा. न्यूट्रलमधून करंट वाहू लागला की न्यूट्रल-अर्थचा आकडा थोडा तरी वर सरकायला हवा. तो शून्यावरच चिकटून राहिला, तर संशय घ्या आणि प्लेट उघडून बघायला सांगा. अशा जोडणीत न्यूट्रल मागे कुठे तुटला, तर फ्रिजच्या पत्र्यावर थेट फेज येतो.

बल्ब फेज-अर्थमध्ये लावून बघायचा जुना उपाय करू नका. अर्थ तुटका असेल तर त्या वायरला जोडलेल्या सगळ्या उपकरणांच्या अंगावर करंट येतो.

अर्थिंग नसेल तर आधी किती सॉकेटना नाही ते बघा. एकाच ठिकाणी नसेल तर बहुधा प्लेटमागे हिरवी वायर सुटलेली असते. मेन बंद करून इलेक्ट्रिशियन ती पाच मिनिटांत बसवतो. सगळीकडे नसेल तर डीबीतली, म्हणजे घरातल्या एमसीबीच्या पेटीतली, अर्थपट्टी, मग मीटर रूम, मग इमारतीचा अर्थ-पिट या क्रमाने तपासावं लागतं, आणि शेवटचे दोन तुमच्या एकट्याच्या हातातले नाहीत. घरात हिरवी वायर ओढलेलीच नसेल, तर डीबीपासून फेजच्या वायरइतकीच जाड तांब्याची वायर आहे त्याच पाइपातून ओढता येते. सुरुवात गीझर आणि वॉशिंग मशीनपासून करा. पाण्याच्या नळाला अर्थ मुळीच जोडू नका; मध्ये प्लास्टिकचा पाइप असेल तर शॉक शेजाऱ्याला बसेल.

तोपर्यंत 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती होताच वीज बंद करणारा स्विच, बसवून घ्या. अर्थ नसतानाही ती काम करते, फक्त गळती कुणाच्या तरी अंगातून वाहू लागल्यावर ट्रिप होते. आणि वर सांगितलेली न्यूट्रल-अर्थ जोडणी आधी काढा, नाहीतर पत्र्यावर आलेला करंट न्यूट्रलमधूनच परत जाईल आणि आरसीसीबीला गळतीचा पत्ताच लागणार नाही.