पहिला थेंब स्लाइडसाठीच

प्रश्न : बोन मॅरोच्या स्मिअरचा फोटो पाहून ब्लास्ट, आउअर रॉड आणि सेल्युलॅरिटी कशी ओळखावी?

कोल्हापुरात पॅथॉलॉजी शिकत असताना साठीतल्या एका शेतकऱ्याची मॅरो तपासणीला आली. काढणाऱ्यांनी पहिला मोठा ओढा फ्लो सायटोमेट्री आणि जनुकीय तपासणीच्या नळ्यांत घातला आणि स्मिअर उरलेल्या द्रवाचे केले. त्यांपैकी एकाच स्लाइडवर माझ्या वरिष्ठांनी ५०० पेशी मोजल्या. ब्लास्ट, म्हणजे अगदी अपरिपक्व पेशी, ४५ भरल्या, म्हणजे ९ टक्के, आणि अहवालात ल्युकेमिया नाही, मायलोडिस्प्लेसिया आहे, असे लिहिण्याचे ठरले.

मला ती स्लाइडच पटत नव्हती. १० च्या लेन्सखाली तिच्यावर एकही पार्टिकल, म्हणजे मॅरोचा कण, नव्हता, मेगाकॅरिओसाइट नव्हते आणि पिकलेले न्यूट्रोफिल मात्र भरपूर होते. हाडातून पहिल्या अर्ध्या मिलिलिटरनंतर जे येते, त्यात रक्त मिसळत जाते आणि ब्लास्टचे प्रमाण खोटे कमी दिसते. शिवाय दोन ब्लास्टमध्ये आउअर रॉड होते, म्हणजे डिस्प्लेसिया जरी असता तरी तो वरच्या पायरीचाच ठरला असता. मी बाकीच्या स्लाइड मागून घेतल्या. त्यांतल्या एकीवर पार्टिकल होते आणि त्यांच्या मागे पसरलेल्या पेशींत ५०० पैकी १७० ब्लास्ट निघाले, म्हणजे ३४ टक्के. तीव्र मायलॉइड ल्युकेमियाची २० टक्क्यांची रेषा केव्हाच ओलांडली गेली होती. "मोजणी ती मोजणी" हे वरिष्ठांचे म्हणणे मला आजही चुकीचे वाटते, कारण मोजणी कुठे केली हे सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नसतो.

ब्लास्टचे केंद्रक मोठे, क्रोमॅटिन बारीक आणि मोकळे, न्यूक्लिओलस ठळक, सायटोप्लाझम थोडे. आउअर रॉड म्हणजे सायटोप्लाझममधली तांबूस-गुलाबी, टोकदार काडी. रंगाचा साका तसाच भासतो. पण तो पेशीवर बसलेला असल्याने सूक्ष्म फोकस फिरवताच वेगळ्या पातळीवर जातो आणि पेशींबाहेरही सापडतो. फोटोत फोकस फिरवता येत नाही, म्हणून एका फोटोवरून रॉड असल्याचे ठामपणे सांगू नये. एकाच पेशीत काड्यांची मोळी दिसली, तर मात्र प्रोमायलोसाइटिक ल्युकेमियाचा संशय धरून त्याच दिवशी फोन करावा, कारण त्यात रक्तस्राव जीवघेणा ठरतो.

सेल्युलॅरिटी पार्टिकलच्या आतच पाहावी, म्हणजे चरबीच्या पोकळ्यांच्या तुलनेत पेशींनी किती जागा व्यापली आहे ते. साठीच्या माणसात साधारण ४० टक्के अपेक्षित असते. तेलाखालच्या १०० च्या लेन्सचा फोटो त्यासाठी निरुपयोगी आहे, आणि खात्रीचे उत्तर हाडाच्या तुकड्याची ट्रीफाइन बायोप्सीच देते. रॉड न दिसल्याने मायलॉइड ल्युकेमिया नाकारता येत नाही, हेही जोडतो.

आपण फोटो ज्यांच्याकडून घेतला, त्यांना स्लाइड पहिल्या थेंबाची होती का, एवढे आधी विचारा.