मटण, लँब आणि बोकडाचं मटण यात फरक काय?

'मटण म्हणजे मेंढीचं मांस असं वाचलं. मग आपल्याकडे बोकडाचं मटण म्हणून कसं विकतात?'

इंग्रजी पद्धतीत वर्षाच्या आतल्या कोकराचं मांस म्हणजे लँब आणि मोठ्या मेंढीचं ते मटण. बोकडाचं मांस यात बसतच नाही. हा शब्द आपल्याकडे इंग्रजांबरोबर आला, पण इथे मुबलक होत्या शेळ्या. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १४.९ कोटी शेळ्या होत्या, तर मेंढ्या ७.४ कोटी. त्यामुळे 'मटण' हे नाव बोकडालाच चिकटलं. यात फसवणूक नाही, गिऱ्हाईकालाही तेच हवं असतं.

मेंढीचं मटण इथेही मिळतं. पुण्याकडे 'बोल्हाईचं मटण' अशी पाटी दिसली तर ते मेंढीचं समजा, कारण बोल्हाई देवीचे भक्त शेळी-बोकड खात नाहीत.

ओळखायचं असेल तर चरबी बघा. बोकडाच्या अंगावर ती पातळ असते, बरीचशी आत गुर्द्याभोवती साठते. मेंढीच्या पाठीवर पांढरा, घट्ट थर असतो आणि रस्सा निवला की तवंग लवकर थिजतो. वासही उग्र. मात्र चरबी काढून तुकडे केलेलं मटण नुसतं बघून ओळखणं अवघडच, म्हणून आख्खी मांडी टांगलेली असतानाच विचारा.