निरोपाच्या व्हिडिओची स्क्रिप्ट: आधी प्रश्न लिही

अगं, सहकाऱ्यांना "मॅडमबद्दल दोन शब्द बोला" असा मेसेज टाकू नकोस. सगळे "मनमिळाऊ, कष्टाळू, पुढील आयुष्यास शुभेच्छा" हेच बोलतील.

आमच्या लेखा विभागातल्या मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा मी प्रत्येकाला वेगळा प्रश्न पाठवला. शिपाईकाकांना विचारलं, "त्या सकाळी आल्यावर पहिलं काय करायच्या?" नव्या मुलीला, "तुझी कुठली चूक त्यांनी सांभाळून घेतली?" उत्तर 20 ते 30 सेकंदांत, मोबाइल आडवा धरून आणि पंखा बंद करून. पंख्याची घरघर नंतर नीट निघत नाही.

क्लिपा आल्या की प्रत्येकीतलं सगळ्यात जिवंत वाक्य कागदावर उतरव आणि त्या वाक्यांचा क्रम लाव. तीच तुझी स्क्रिप्ट. काका म्हणाले होते, "आधी खिडकी उघडायच्या, मग तुळशीला पाणी." मी सुरुवात तिथूनच केली. मग मार्चअखेरची एकच रात्र तिघांच्या तोंडून आली: एकाला न जुळणारा ताळा आठवला, दुसरीला मॅडमनी वाटलेली थालीपिठं, तिसऱ्याला शेवटची लोकल. तिघांना आलटून पालटून दाखवलं, तेव्हा ती रात्र डोळ्यांसमोर उभी राहिली.

साहेबांच्या शुभेच्छा मध्येच घे. त्या शेवटी आल्या की व्हिडिओचं भाषण होतं. आमच्याकडे शेवटी ती नवी मुलगी होती. बोलता बोलता तिचा आवाज अडला. ती शांतता मी कापली नाही.

एकूण पाच मिनिटं पुरेत. प्रत्येकाचं नाव आणि विभाग खाली लिही, मॅडमच्या घरचेही बघणार आहेत.