गोचीड मोजकेच, तरी वासरू पांढरं का पडतं?

"कालवड मलूल झालीय, डोळे पांढरे पडलेत. अंगावर गोचीड मोजकेच आहेत, जंताचं औषधही पाजून झालं. मग रक्त गेलं कुठं?"

बहुतेक कुठंही गेलेलं नाही, अंगातच मोडतंय. मोहोळ तालुक्यातल्या एका गोठ्यावर हेच पाहिलं. पशुवैद्यकीची एक विद्यार्थिनी इंटर्नशिपसाठी माझ्याबरोबर होती. एचएफ संकरित कालवड, चार महिन्यांची, मान टाकून उभी.

मुलीनं खालची पापणी ओढून पाहिली. आतला भाग गुलाबी नव्हता, पांढुरका होता आणि त्यावर पिवळी झाक. गोठ्याच्या मालकीणबाई म्हणाल्या, "जंतच हायत गं पोरी." जंतांनीही पापणी पांढरी पडते, पण सहसा ताप चढत नाही. थर्मामीटर १०६ दाखवत होता. मग तिनं खांद्याच्या पुढं हात घातला आणि थांबलीच. लिंबाएवढी गाठ, दोन्ही बाजूंना. लघवी नेहमीच्या रंगाची होती. कॉफीसारखी असती तर आधी बबेसिया या दुसऱ्या रक्तातल्या परजीवीचा संशय घ्यावा लागला असता.

"थायलेरिया असेल का, सर?" तिनं विचारलं.

कानाच्या शिरेचा थेंब काचपट्टीवर पसरून आणला, जिम्सा रंग दिला. तांबड्या पेशींत बारीक अंगठ्या नि स्वल्पविराम दिसले. पण तेवढ्यावर निकाल देऊ नये, कारण बरं होऊन गेलेल्या जनावरातही हे थोडेफार सापडतात. म्हणून गाठीतलं पाणी सुईनं ओढून पाहिलं. तिथं पांढऱ्या पेशींत निळसर पुंजके दिसले, तेव्हा खात्री पटली. थायलेरिया हा परजीवी एका गोचिडानंही येऊ शकतो. तो तांबड्या पेशीत शिरला की प्लीहा त्या पेशी मोडत सुटते, म्हणून अंगावर चारच गोचीड असले तरी पापणी पांढरी पडते.

वजन अंदाजे ८० किलो. ब्युपार्वाक्वोन किलोला अडीच मिलिग्रॅम, म्हणजे मिलीला ५० मिलिग्रॅम असलेल्या बाटलीतून ४ मिली, मानेच्या स्नायूत खोल. रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण १६ टक्के होतं, निरोगी वासरात ते तिशीच्या आसपास असतं. आणखी उतरलं असतं तर दुसऱ्या गाईचं रक्त द्यावं लागलं असतं. डोस तुमच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. उशीर मात्र करू नका, रक्त फार उतरल्यावर या औषधाचाही फारसा उपयोग होत नाही.

ताप दोन-तीन दिवसांत उतरला, पण पापणीला रंग यायला काही आठवडे लागले. मालकीणबाई रोज फोन करून विचारायच्या, "अजून पांढरीच हाय की!" ते साहजिकच आहे, नवं रक्त तयार व्हायला वेळ लागतो.

आता गोठ्याची भिंत बघा. हा रोग पसरवणारा गोचीड फटींत लपून कात टाकतो, तिथंच अंडी घालतो. नुसतं जनावर फवारून भागत नाही, फटी सिमेंटनं बुजवाव्या लागतात.