व्हीट्यूबरच्या चेहऱ्यात माणूस किती आणि सॉफ्टवेअर किती?

प्रश्न: माझी पुतणी एका व्हीट्यूबरचे, म्हणजे स्वतःच्या चेहऱ्याऐवजी ॲनिमे मुलीचं चित्र दाखवणाऱ्या स्ट्रीमरचे, लाइव्ह स्ट्रीम बघते. ती चित्रातली मुलगी हसते, डोळे मिचकावते, मान हलवते. यातलं खऱ्या माणसाचं किती आणि कॉम्प्युटरचं किती?

उत्तर: मी ऐरोलीला घरून लाइव्ह टूडी या सॉफ्टवेअरमध्ये अशी मॉडेल रिग करतो, म्हणजे चित्रकाराकडून पापण्या, ओठ, केसांच्या बटा असे सुटे लेयर येतात ते हलते करायचं काम, त्यामुळे माझं लक्ष सवयीने तिकडेच जातं. आवाज सहसा माणसाचाच असतो. मान वळणं, डोळ्यांची उघडझाप, तोंड उघडणं हेही त्याचंच, वेबकॅम किंवा आयफोन चेहरा बघतो आणि तसं चित्र हलतं. पण केसांचं झुलणं, कानातले, श्वासाबरोबर छाती वरखाली होणं, हे सगळं आम्ही बसवलेलं, समोरचा माणूस टकला असला तरी बटा झुलणारच.

अंगाचं जरा फसवं असतं. कॅमेऱ्याला बहुतेक वेळा फक्त चेहरा दिसतो, खांदे नाहीत, म्हणून मान जिकडे वळेल तिकडे अंगही थोडं कलतं असं आम्हीच जोडून ठेवतो. ती पुढे झुकून बोलली म्हणून तो माणूस खुर्चीत पुढे सरकला असेलच असं नाही.

नीट बघायचं असेल तर ती खो खो हसते तेव्हा बघा. खरा माणूस हसताना तोंडावर हात घेतो आणि कॅमेऱ्याला ओठ दिसेनासे होतात, मग हसण्याचा आवाज येत राहतो पण चित्राचं तोंड मिटलेलं किंवा अर्धवट उघडं अडकून बसतं. (काही सेटअपमध्ये ओठ माइकच्या आवाजावर हलतात, तिथे हे दिसणार नाही.) पाणी पितानाही तेच, ग्लास आडवा आला की चेहरा हरवतो आणि बाहुली गोठते नाहीतर आपली आपणच डुलत राहते. गालावरची लाली, टपोरे अश्रू मात्र बहुधा कीबोर्डचं बटण दाबून येतात, म्हणून ते एकदम पूर्ण उमटतात आणि तसेच एकदम जातात, खऱ्या चेहऱ्यासारखे हळूहळू चढत नाहीत.

आता लोक जीव लावतात तो चित्राला की माणसाला, हे किझुना आयच्या वेळी दिसलं. 2016 च्या शेवटी सुरू झालेलं हे जपानी पात्र, याच्यामुळेच व्हीट्यूबर हा प्रकार गाजला. 2019 मध्ये कंपनीने त्याच चेहऱ्यामागे वेगवेगळे आवाज आणले, चित्र तेच, तरी प्रेक्षक भडकले. पुढे 2020 मध्ये कंपनीनेच जाहीर केलं की मूळ आवाज कासुगा नोझोमी यांचा. तिथे नाव कंपनीने स्वतःहून सांगितलं. बाकीचे बरेच जण मुद्दाम पडद्याआड राहतात, त्यामुळे पुतणीला हसण्याची गंमत जरूर दाखवा, पण मागच्या माणसाचं नाव-गाव शोधायच्या भानगडीत दोघांनीही पडू नका, त्यापायी लोकांच्या दारापर्यंत उपद्रव पोचतो.