चारची गाडी पावणेसहाला

ताई, आम्ही घोडबंदर रोडला राहतो. गाडी एकच, चालवणारे तिघं : मी, नवरा आणि दीर. वाद नकोत म्हणून मी गुगल कॅलेंडरवर ‘गाडी’ नावाचं कॅलेंडर करून सगळ्यांना दिलं. तरी शनिवारी चारपासून माझी नोंद असताना भाऊजी वाशीहून पावणेसहाला आले. आईची डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ हुकली. ते म्हणतात, “वहिनी, माझी नोंद चारपर्यंतच होती.” सासूबाई म्हणतात, तूच समजून घे.
– कासारवडवलीची सून

अगं, भाऊजी खोटं बोलत नाहीत, हीच तर पंचाईत आहे. त्यांची नोंद चारला संपली, तुझी चारला सुरू झाली. कॅलेंडरच्या हिशेबी ही टक्कर नव्हेच, कारण दोन वेळा एकमेकींवर चढल्या नाहीत. वाशीतलं काम चारला संपलं असेल, पण ऐरोलीचा पूल, माजिवडा, मानपाडा, पातलीपाडा हे सगळं त्यानंतर. तेव्हा घरात ठरवा की नोंदीची शेवटची वेळ म्हणजे किल्ली खुंटीला लागण्याची वेळ. तशी नोंद केली असती तर भाऊजींना सहापर्यंत लिहावं लागलं असतं आणि टक्कर आठवडाभर आधीच दिसली असती.

आता ‘दिसली असती’वर थांबू नकोस. तू सगळ्यांना बदल करायची मुभा दिली असशील, तर कॅलेंडर दोन नोंदी शेजारीशेजारी निमूट दाखवतं, अडवत नाही. शिवाय कुणीही कुणाची नोंद पुसू शकतो. अडवायला वेगळी रचना लागते. कॅलेंडर सासूबाईंच्या खात्यात काढ. त्या गाडी चालवत नाहीत, म्हणजे पंच म्हणून चालतील (आणि समजून घ्यायचं कामही वाटलं जाईल). बाकी तिघांना फक्त See all event details. मग कॉम्प्युटरवर त्या कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये Auto-accept invitations खाली टक्कर नसेल तरच स्वीकारण्याचा पर्याय निवड. पुढे ज्याला गाडी हवी त्याने आपल्या कॅलेंडरमध्ये नोंद करून ‘गाडी’ला पाहुणा म्हणून बोलवायचं. तिचा लांबलचक पत्ता त्याच सेटिंगमध्ये मिळतो. वेळ मोकळी असेल तर होकार, नाहीतर नकार. नकार यंत्राचा, म्हणून कुणाला लागत नाही.

एक खोच मात्र आहे. ‘दिवसभर’ची नोंद गुगल आपोआप Free धरतं. नवऱ्याने रविवारी दिवसभर गाडी घेतली तरी कॅलेंडरला ती मोकळीच वाटेल. तिथे Busy करायला लाव. आणि मग खरीखुरी चाचणी घे : एकाच वेळेच्या दोन नोंदी टाकून दुसरीला नकार येतो का ते पाहा.

शनिवारचं राहिलं. आईची पुढची वेळ घे, नोंद तू कर, पण गाडी भाऊजींना चालवू दे.